बसस्टँडवरचा माझा फोटो

मोताळ्याला आमची तिघांची दुकाने एकाच माडीवर होती. दुकान म्हटले की डॉक्टर आणि सीए दोघेही चिडत. त्यांच्या मते डॉक्टरचा दवाखाना असतो, सीएचे ऑफिस असते आणि माझ्यासारख्या वकिलाचे चेंबर असते. धंदा करतो तो फक्त खाली बसलेला कृषी केंद्रवाला. त्याचे शटर बियाण्यांच्या पोस्टरांनी झाकलेले असे. बीटी कपाशी तालुक्यात चांगली रुळली होती. मे महिना लागला की बियाणे कंपन्यांच्या गाड्या भोंगे लावून गावोगाव फिरत, एक हिरो मिशीला पीळ देत पोस्टरवरून आमच्या जिन्याकडे बघे, आणि झाडाला किती बोंडे लागतील याचे आकडे एवढे मोठे छापलेले असत की चष्मा लागत नसे. त्यांना कोणी अडवत नव्हते. अडवणूक होती ती माडीवर.

आम्हा तिघांनाही जाहिरात मना. पाटी साधी, बेताच्या आकाराची. पण नियमाला फट असतेच, आणि डॉक्टरला ती पहिल्या वर्षीच सापडली. दवाखाना सुरू केला, जागा बदलली, काही दिवस बाहेरगावी जाणार, किंवा परत आलो, एवढे डॉक्टरला वर्तमानपत्रातून कळवता येते. झाले. हा गृहस्थ वर्षातून पाचदा बाहेरगावी जाऊ लागला. शुक्रवारी छापून येई, डॉक्टर चार दिवस दवाखान्यात नाहीत. बुधवारी छापून येई, डॉक्टर पुन्हा रुग्णसेवेत रुजू. मधले चार दिवस मी त्याला घराच्या ओट्यावर बनियनवर शेंगा फोडताना पाहिले आहे. औषधाच्या दुकानावर डॉक्टरची पाटी लावता येत नाही, म्हणून शेजारच्या मेडिकलला त्याच्या मुलीचे नाव होते.

सीए त्याहून सोवळा. पत्ता किंवा फोन बदलला तर तेवढेच कोरडे निवेदन देता येते, असे तो बोट वर करून सांगे. त्याने तीन वर्षांत माडीवरच्या तीन खोल्या बदलून पाहिल्या. दर वेळी पेपरात चौकट. एकदा त्याला माझी खोली हवी होती, आणि मी बदलायला तयार झालो नाही म्हणून तो आठवडाभर बोलत नव्हता. मला तर जागा बदलूनही काही मिळणार नव्हते.

वकिलाला एवढीही फट नाही. पत्रक नाही, दलाल नाही, आणि चालवलेल्या केसच्या बातमीत आपला फोटो आपणच पुरवायचा नाही. पाटीवर नाव आणि शिक्षण. अमुक केसमधला तज्ज्ञ, असे लिहायचे नाही. बार असोसिएशनचा अध्यक्ष होतो हेही लिहायचे नाही. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्या वकीलसाहेबांनी माझी पाटी टेपने मोजून पाहिली होती आणि म्हणाले होते, अजून थोडी लहान चालली असती. मी मान डोलावली. मनातून मला कोर्टाच्या गेटपासून दिसेल एवढी पाटी हवी होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

अशात धामणगाव बढ्याचे चाचा माझ्याकडे आले. घरची शेती, शिवाय बाजाराच्या दिवशी भुसाराचा छोटा व्यापार. त्यांची कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडे मात्र शोधावी लागत होती. चाचांचा स्वभाव व्यापाऱ्याचा. बियाण्याचे पाकीट, त्याचे लेबल, दुकानाचे बिल, सगळे डब्यात ठेवलेले. पीक उभे असतानाच त्यांनी कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार केली होती. तालुक्याची समिती शेतात आली, झाडे मोजली आणि पंचनामा झाला. अशी केस हरायला खास हुशारी लागते. ग्राहक मंचात मी ती बुलढाण्याला चालवली आणि जिंकली.

पत्रकार आला तेव्हा मी मोठ्या त्यागाने माझे नाव छापू नकोस म्हणून सांगितले. त्याने ऐकले. दुसऱ्या दिवशी बातमीत ‘शेतकऱ्याच्या वतीने एका वकिलाने काम पाहिले’ हे वाक्य मी तीनदा वाचले. एका वकिलाने! दिवसभर माझे कशात लक्ष लागले नाही.

चाचांना हे बरे वाटले नसावे. पुढच्या सोमवारी डॉक्टर माझ्या खोलीत आला आणि त्याने मोबाईल समोर धरला. धामणगावच्या बसस्टँडवर भले मोठे फ्लेक्स लागले होते. त्यावर काळ्या कोटातला मी, बारच्या स्नेहसंमेलनातल्या फोटोतून कापून काढलेला, खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात राहून गेलेला. खाली ‘बोगस बियाण्याच्या केसचा वाघ’ आणि माझा फोन नंबर. डॉक्टरच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण तिच्यात मत्सर जास्त होता.

मी चाचांना फोन लावला. मला न विचारता हे का केले, म्हणून जरा आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, “पुढाऱ्याच्या वाढदिवसाले बंदंच्या बंदं बसस्टँड झाकून टाकतात, साहेब. त्यायनं काय केलं? तुम्ही त काम केलं. मंग तुमचा काऊन नाही लावाव?”

यावर उत्तर सोपे होते. ते काढा, माझी सनद जाईल, एवढेच म्हणायचे होते. मी म्हणालो, बघू. आमच्याकडे फ्लेक्स म्हणजे पाठीवरची थाप. ज्याचे लागते तो वरवर रागावतो आणि मागच्या बाजूने जाऊन बघून येतो. तिसऱ्या दिवशी मीही मोटारसायकल काढली. बसस्टँडच्या पलीकडे गाडी उभी करून चांगली पाच मिनिटे स्वतःकडे बघत राहिलो. फार आनंद झाला. लाज वगैरे नंतर वाटली.

फ्लेक्स बारा दिवस राहिले. त्या बारा दिवसांत माझा जिना झिजला. आजूबाजूच्या गावांतून माणसे येत, वाघाला भेटायचे म्हणत. आणि प्रत्येकाची कहाणी पुराव्यापाशी येऊन अडे. पाकीट? ते शेताच्या धुऱ्यावर जाळले. बिल? दुकानदाराने दिले नाही, आम्ही मागितले नाही. पीक? उपटून हरभरा पेरला. तक्रार? कुठे करायची असते? एकाने तर तीन एकर पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, आदल्याच आठवड्यात उपटली होती. मला त्यांचाच राग येई. पुरावा नाही तर वकील काय करणार, असे मी तुटकपणे सांगे आणि पुढच्याला बोलवी. एकही केस उभी राहिली नाही.

तेराव्या दिवशी फ्लेक्स निघाले, कारण त्या जागी एका कंपनीच्या बियाण्याची जाहिरात आली. मी काढायला लावले नव्हते, हे महत्त्वाचे आहे. महिनाभराने बार कौन्सिलची नोटीस आली. तक्रार आमच्याच बारमधल्या एका ज्येष्ठांची. फ्लेक्सचे चारी बाजूंनी काढलेले फोटो जोडलेले. या ज्येष्ठांच्या स्वतःच्या पाटीवर ‘माजी अध्यक्ष, वकील संघ’ असे लाल अक्षरांत होते. तक्रार टपालात टाकायच्या आधी त्यांनी तेवढ्यावर पांढरा रंग मारून घेतला. ऊन पडले की आतली लाल अक्षरे दिसत.

आता मात्र माझी गाळण उडाली. घरात कमावणारा मी एकटा, आणि कमाई सगळी त्या सनदेवर. काही महिन्यांसाठी जरी निलंबित झालो असतो तरी असलेले पक्षकार दुसऱ्या दारी गेले असते आणि ते परत येत नाहीत. बचाव एकच होता: फ्लेक्स पक्षकाराने लावले, मला माहीत नव्हते, कळताच मी काढायला लावले. पहिला तुकडा खरा, पुढचे दोन्ही खोटे. चाचांच्या नावे प्रतिज्ञापत्र मीच लिहिले, टाईप केले, नोटरीची वेळ ठरवली आणि त्यांना बोलावून घेतले.

चाचांनी ते वाचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग कागद टेबलावर ठेवला.

“हे मले नाही जमत, साहेब. तिसऱ्या रोजी तुम्ही गाडीवर आलते. पलीकडच्या आंगाले उभे राहून पाहत होते. बंद्या गावानं पाह्यलं.”

मी कागद पुन्हा त्यांच्याकडे सरकवला. ते म्हणाले, “माह्या केसमंधी तुम्हीच म्हन्ले होते, पाहिलं नाही ते लिहू नोका. मीनं नाही लिहिलं. म्हणून त जिंकलो.”

मला त्यांचा भयंकर राग आला. माझ्यासाठी फ्लेक्स लावताना विचारले नाही आणि आता सत्यवादी झाले, असेही मी बोललो. ते उठून गेले नाहीत. नवा कागद घ्या म्हणाले. मग मी खरे ते लिहिले: फ्लेक्स चाचांनी आपणहून, स्वतःच्या खर्चाने लावले, वकिलाने सांगितले नव्हते, पण वकिलाला पहिल्या दिवशी कळले होते आणि त्याने काढायला लावले नाही. त्यांनी खाली सही केली आणि माझा चहा घेतला.

सुनावणी शिस्तपालन समितीच्या तिघांसमोर झाली. त्यातल्या एकांनी विचारले, या फ्लेक्समुळे तुम्हाला किती केसेस मिळाल्या? मी म्हणालो, एकही नाही. तिघेही हसले. त्यांना वाटले, मी खोटे बोलतो आहे. मग मी जिन्यावरची रांग सांगितली, पाकिटे जाळल्याचे सांगितले, उपटलेल्या पऱ्हाटीचे सांगितले. ते हसायचे थांबले. शेवटी ताकीद मिळाली, सनद राहिली. डॉक्टरने पेढे आणले आणि लगेच बाहेरगावी गेला.

निकाल सांगायला मी चाचांकडे धामणगावला गेलो. माझ्या अंगात वीरश्री संचारली होती. ओसरीत बसून मी नियमावर तोंडसुख घेतले: कंपनीने भोंगा लावून गाव फसवावे आणि वकिलाने तोंडाला कुलूप लावून माडीवर बसावे, हा कुठला न्याय? आमच्यासारख्यांना बोलता आले असते तर त्या सगळ्यांच्या केसेस उभ्या राहिल्या असत्या. बोलता बोलता माझा आवाज चांगलाच भरून आला. चाचा भुसाराची पोती शिवत ऐकत होते. सुई थांबवून त्यांनी साधेपणाने विचारले.

“सोताची जाहिरात करू नोका, एवढंच म्हन्ते न तुमचा कायदा? मंग पाकीट जाळू नोका, पऱ्हाटी उपटाच्या आंधी सायबाले दाखवा, हे गावात सांगाले कोनं मना केलतं?”

कोणीही मना केले नव्हते. ग्रामसभेत सांगता आले असते, बाजारात सांगता आले असते, त्या पत्रकाराला सांगितले असते तर त्याने आनंदाने छापले असते. पण त्यात माझे नाव कुठे येत नव्हते, म्हणून मला ते सुचलेच नाही.