शेवटची बाथरूम

दादामियाँ आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी नळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले, कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, "घरात माणसं किती? कोण किती वाजता पाणी घेतं?"

"तुम्ही प्लंबर आहात की शिरगणतीवाले?" मी म्हणालो.

"साहेब, रिकाम्या घरात कोणीही पाइप बदलील. राहत्या घरात आधी माणसं बघावी लागतात." एवढं बोलून ते पुन्हा पेन्सिल धरून बसले. मला उत्तर द्यावंच लागलं.

माणसं तीनच. मी शरच्चंद्र, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. माझी बायको विजयमाला, सात महिने अंथरुणाला खिळलेली. तिला कॅन्सर होता, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं, फक्त जिन्यात भेटल्यावर कोणी तसं म्हणत नसे. आणि तिला सांभाळायला दिवसभर असणाऱ्या सोजरबाई.

कोथरूडमधली आमची इमारत त्र्याऐंशी सालची. भिंतीत गाडलेले लोखंडी पाइप आतून गंजून बुजत आले होते. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी आमच्या मजल्यावर पोचेपर्यंत चहाच्या रंगाचं व्हायचं आणि करंगळीएवढी धार पडायची. गीझर गंजाने चोंदला होता, शॉवर तर दोन वर्षं कोरडाच. विजयमालेचं अंग सोजरबाई ओल्या फडक्याने पुसून घेत. औषधांनी गेलेले केस आता बोटभर परत आले होते. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, मला एकदा शॉवरखाली बसायचंय. डोक्यावरनं चांगलं भरपूर पाणी जाऊ दे. बाकी काही नको."

घर रिकामं करून काम करणं शक्यच नव्हतं. तिला हलवायचं कुठे? म्हणून दादामियाँ. भवानी पेठेतून जुन्या लूनावर यायचे. वय पासष्टच्या पुढे. बाप कॅन्टोन्मेंटच्या बंगल्यांचे नळ बघायचा, हे स्वतः बाराव्या वर्षापासून याच धंद्यात. पेचकसाचं पातं पाइपावर आणि मूठ कानाला लावून भिंतीत कुठे गळतंय ते सांगायचे. बोलणं कमी, पण ज्या घरात काम त्या घरातल्या प्रत्येकाची तब्येत त्यांना पाठ. हुस्नबानू, त्यांची बायको, वारून सहा वर्षं झाली होती. हे मला फार उशिरा कळलं. कारण मी विचारलंच नव्हतं.

त्यांची योजना साधी होती. गच्चीवरच्या टाकीपासून डक्टमधून एक रबरी नळी खाली आणायची, खिडकीतून आत घेऊन तिला तात्पुरता नळ लावायचा. म्हणजे घर कधीच कोरडं पडणार नाही. जुनी लाइन चालू ठेवून शेजारून नवी प्लॅस्टिकची लाइन टाकायची. मग एकेक खोली जुन्यावरून नव्यावर घ्यायची. पाणी बंद फक्त जोडणीच्या वेळी, दुपारी दोन ते तीन, सगळ्यांचं धुणंपुसणं आटोपल्यावर.

"सुरुवात वहिनींच्या बाथरूमपासून," ते म्हणाले. "काम त्यांच्यासाठी आहे."

मला ते पटलं नाही. तेहतीस वर्षं कालवे बांधण्यात गेली माझी. कालवा मुखाकडून बांधतात, शेपटाकडून नाही. आधी स्वयंपाकघर, मग बाहेरचं टॉयलेट आणि सगळ्यात शेवटी आतली बाथरूम. शिवाय तिच्या उशाशी छिन्नी-हातोडा आताच कशाला? मधल्या दिवसांत तिला थोडी ताकद येईल. मी तारखांसकट तक्ता काढला, लाल-निळ्या पेनने, आणि फ्रिजवर चिकटवला.

विजयमाला आतून म्हणाली, "पाणी शेपटाच्या शेतकऱ्याला आधी द्या म्हणून साहेबांशी भांडायचात ना तुम्ही?"

"ते पाणी वाटताना. बांधताना नाही," मी म्हणालो. नियमाने मी बरोबर होतो. आयुष्यभर नियमाने बरोबरच होतो मी, काय उपयोग झाला!

दादामियाँनी तक्ता बघितला. "घर आपलं आहे, साहेब," एवढंच म्हणाले.

काम तक्त्याबरहुकूम झालं, हे मान्य करायला हवं. एकही दिवस घर कोरडं पडलं नाही. स्वयंपाकघरात नितळ पाणी आलं तेव्हा मी पेला भरून तिला दाखवायला नेला. तिने बघितला आणि मान वळवली. ताकद येत नव्हती, जात होती. मला दिसत होतं ते. पण तक्त्यात बदल केला असता तर ती खरंच जातेय हे कबूल केल्यासारखं झालं असतं. ते माझ्याने होईना.

अकराव्या दिवशी बाथरूमची फरशी फुटली. हातोड्याला फडकं गुंडाळून दादामियाँ ठोकत होते, आवाज कमी व्हावा म्हणून. बाराव्या दिवशी दुपारी बारापर्यंत सगळे जोड चिकटवून झाले, नवा गीझर आणि शॉवरही बसला. आता चोवीस तास पाणी सोडायचं नाही, जोड पक्के होऊ द्यायचे. मग हातपंपाने दाब देऊन तपासायचं, आणि मगच चालू.

"आज नाही का हो?" तिने विचारलं. आवाज इतका बारीक की सोजरबाईंनी ते आम्हाला सांगितलं.

दादामियाँ माझ्याजवळ आले. "साहेब, नव्या लाइनला हात नाही लावत. माळ्यावर छोटी टाकी चढवतो, तात्पुरत्या नळीने भरतो, त्यात गॅसवर तापवलेलं पाणी मिसळू. खाली जुना शॉवर लटकवतो. तासाभरात वहिनींची आंघोळ होईल."

"माळ्यावरच्या टाकीतून? लटकवलेल्या शॉवरखाली?" मी उखडलो. "सात महिने थांबली ती, अजून एक दिवस. उद्या दुपारी नीट, नव्या शॉवरखाली. जुगाड नको मला."

दादामियाँनी हत्यारं पिशवीत भरली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला विजयमाला गेली. सोजरबाई उशीचा अभ्रा बदलत होत्या, मी वर्तमानपत्र घेऊन शेजारी बसलो होतो. तिने एकदा लांब श्वास घेतला. दुसरा घेतलाच नाही.

अकरापर्यंत दारात चपला साठल्या. त्या ओलांडून दादामियाँ हातपंप खांद्यावर घेऊन आले. चपला बघूनच समजले असणार. कोणाशी काही न बोलता बाथरूममध्ये गेले. बारा वाजता पंप जोडला, दाब चढवला आणि तासभर काट्याकडे बघत उकिडवे बसून राहिले. काटा हलला नाही. मग त्यांनी मुख्य लाइनचा कॉक उघडला. शॉवरमधून आधी हवा फुरफुरली आणि मग भरभरून पाणी आलं, स्वच्छ.

नात्यातल्या बायका आणि सोजरबाई तिला आंघोळ घालायला आत न्यायला निघाल्या. कोणीतरी म्हणालं, आता गार पाणीच घ्या, उशीर होतोय.

दादामियाँ पॅसेजमध्ये गीझरच्या बटणाशी उभे होते. डोळे लाल. सगळ्यांना सोडून मला विचारलं, "साहेब, दहा मिनिटं लागतील. गरम करू?"

मी म्हणालो, "करा हो, करा. तिला गार पाणी सोसत नाही."