दत्ताराम मास्तरांनी माझ्या लग्नात उचललेला टोस्ट

दत्ताराम मास्तरांना मी चारचौघांत 'अहो' म्हणतो आहे, हे वाचून ते हसतील. शिरोड्याच्या शाळेत एका बाकावर बसलो, तेव्हापासून ते माझे दत्तू आणि मी त्यांचा आंतोन. पुढे दोघेही तिथेच शिक्षक झालो. गोवा मोकळा झाला त्या सुमारास मी टायफॉईडने अंथरुणाला खिळलो होतो. स्वतःचे तास संपवून ते माझेही वर्ग घेत. 

पण त्यांच्या साठीनिमित्त लिहायला बसलो आणि आठवलं ते त्या आजारपणाआधीचं माझं लग्न.

आम्हा ख्रिस्ती मंडळींत जेवणाआधी कुणीतरी टोस्ट उचलतो. नवरा कोण, कसा, हे तो पाहुण्यांना सांगतो; नवरीचं कौतुक करतो; मग सगळे उभे राहून प्याले उंचावतात आणि 'विवा' म्हणतात. तोवर कुणी घोट घ्यायचा नाही. हा मान बहुधा मामाचा. मी दत्ताराम मास्तरांचं नाव घेतलं, तेव्हा नवरीचे मामा कुरकुरले, "हिंदू माणूस टोस्ट काय उचलतलो?" मास्तर स्वतःच घाबरले होते. "सुरुवात खंयसून करू रे?" म्हणून पुन्हा पुन्हा विचारून गेले.

गोव्याच्या हद्दीअलीकडे आमच्याकडे तेव्हा दारूबंदी होती, म्हणून प्याल्यांत कोकमाचं सरबत होतं. मास्तरांनी वडीलधाऱ्यांची परवानगी घेतली. आमचा बाक सांगितला, माझ्या आईच्या हातचे नाताळचे करंजीसारखे नेवरे सांगितले, चतुर्थीला त्यांच्या घरी मी केलेली आरास सांगितली. मग म्हणाले, "लहानपणी मी समुद्रात बुडत होतो. आंतोनने मला ओढून काढलं. त्या उपकारापोटी मी त्याला कधी अंतर दिलं नाही."

मी गोंधळलो. जन्मभर मी नेमकं उलटं समजत आलो होतो! स्वतःच्या टोस्टला नवऱ्याने उठायचं नसतं, पण मी उठलो.

"दत्तू, खुळावलस काय? बुडत मी होतंय! तू माका काढलंस!"

लोक प्याले हातात धरून एकमेकांकडे पाहू लागले. मामांना प्यावं की ठेवावं कळेना. तेवढ्यात माझी आई उठली.

"दोघांय बुडत होतास! एकमेकाच्या गळ्याक मिठी मारून. जाळी ओढणाऱ्या रापणकारांनी तुमका ओढून काढल्यानी."

मांडव हसला. आम्ही दोघे मात्र तसेच उभे. उपकार कुणाचेच नव्हते, तर इतकी वर्षं आम्हाला एकत्र धरलं कशाने? मास्तरांची शुद्ध भाषा सुटली.

"मगे आंतोन, आपण दोस्त कित्याक रे?"

 शेजारून माझी नवरी, रोझा, हळूच म्हणाली, "उत्तर मागीर सोधा, जेवल्यार. लोकांचे हात दुखतत."

मास्तरांनी रोझाकडे पाहिलं. "हिच्याइतकं शहाणपण आमच्या दोघांत मिळून नाही," म्हणाले आणि प्याला उंचावला. "विवा!" सगळा मांडव उभा राहून गरजला. सर्वांत मोठा आवाज कुरकुरणाऱ्या मामांचा होता.

मास्तर आजही संध्याकाळी आमच्याकडे येतात. का येतात, हे त्यांनाही सांगता येत नाही, मलाही नाही. देवाने त्यांना उदंड आयुष्य द्यावं आणि गुडघे धडधाकट ठेवावेत. आमच्या घराची वाट चढणीची आहे, आणि एखाद्या संध्याकाळी त्यांना उशीर झाला की रोझा दोनदा दारात जाऊन येते, मी चारदा.