कोणी न उघडलेली पानं

सिस्टरांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी शेजाऱ्यांपासून औषधाच्या दुकानदारापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. सर्जरीच्या वॉर्डात त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्यातली निम्मी ज्या रोग्यांजवळ गेली, त्यांच्याबद्दल चारचौघांत कोणी बोलत नाही. आतड्याचं ऑपरेशन झालं की काहींच्या पोटावर शौचासाठी वेगळं तोंड काढावं लागतं. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर मधोमध भोक कापलेली चिकट चकती लावायची आणि चकतीला पिशवी. डॉक्टर हे पाच मिनिटांत सांगून मोकळे होतात. माणूस घरी जातो, न्हाणीघराचं दार लावून घेतो आणि रडतो.

निवृत्तीनंतर सिस्टरांकडे फोन येतच राहिले. एकदा सून म्हणाली, "आई, तेच तेच दहा जणांना सांगता. लिहून काढा ना. मी साइट बनवते."

लिहिता लिहिता तीनशे पानं झाली. चकतीचं भोक कसं कापायचं, कातडी सोलवटली तर पावडर किती टाकायची, लग्नाला जाताना कोणते कपडे घालायचे, नवऱ्याला कसं सांगायचं. सिस्टर जाड अक्षरात वहीत लिहीत, सून टाइप करी आणि मध्येच थांबून विचारी, "हे वाक्य मला कळलं नाही, आजारी माणसाला कसं कळेल?" सिस्टर चिडत, मग वाक्य सोडवून लिहीत. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत एका टेबलावर दोघी समोरासमोर बसत. सासू-सुनेचं एरवी फारसं जमत नसे, पण या टेबलावर जमे.

वाचक वाढले तशा जाहिराती आल्या. त्यांतून सुनेच्या पगाराएवढं मिळू लागलं, तेव्हा तिने नोकरी सोडली. प्रत्येक पानाखाली लोक प्रश्न टाकत आणि सिस्टर एकूण एक प्रश्नाला उत्तर देत. कित्येक गोष्टी त्यांना वॉर्डातही कळल्या नव्हत्या, त्या या प्रश्नांतून कळल्या. उन्हाळ्यात घामाने चकती सुटते, त्यावर एका ट्रकचालकाने सांगितलेला उपाय त्यांनी त्याच्या नावावर पानात घातला.

मग एका तिमाहीत जाहिरातींचे पैसे निम्म्यावर आले. साइट बिघडली असावी, असं सिस्टरांना वाटलं.

"बिघडली नाही," सून म्हणाली. तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर दोन रेघा होत्या. "ही वरची म्हणजे शोधणाऱ्यांना आपलं पान किती वेळा दिसलं. ही खालची म्हणजे त्यातल्या किती जणांनी उघडलं. दिसतंय पूर्वीइतकंच, उघडत कोणी नाही."

"का बरं?"

सुनेने शोधाच्या चौकटीत प्रश्न टाइप केला: चकतीचं भोक किती मोठं कापावं. पूर्वी साइटींची यादी येई, तिच्या वरच आता चार ओळींचं तयार उत्तर आलं. यंत्राने निरनिराळ्या साइटी वाचून ते जुळवलं होतं. कडेला बारीक अक्षरात तीन दुवे होते, त्यातला एक सिस्टरांचा.

"उत्तर वरच मिळतंय, आई. खाली कोण उतरणार?"

"पण हे वाक्य माझं आहे."

"हो. जवळजवळ तसंच."

सुनेने वाचून वाचून एक उपाय काढला. पानांच्या कोडमध्ये सूचना घातली, की इथला मजकूर उचलून दाखवू नये. त्या उत्तरातून सिस्टरांचा दुवा गेला खरा, पण खालच्या यादीतही त्यांच्या शीर्षकाखालच्या दोन ओळी दिसेनाशा झाल्या, नुसतं शीर्षक उरलं. उघडणारे आणखी घटले. आणि वरचं उत्तर होतं तिथेच होतं. ज्या साइटींनी सिस्टरांचं वाचून लिहिलं होतं, त्यांच्यावरून ते आता बनत होतं. तीन आठवड्यांनी सुनेने सूचना काढून टाकली.

त्यानंतर महिनाभराने एक शिंपी घरी आला. वॉर्डातल्या आयाने पत्ता दिला होता. बायकोच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते आणि चकतीखालची कातडी लाल होऊन पाणी सुटत होतं. बाई रिक्षात बसून होती, वर यायला लाजत होती. सिस्टरच खाली गेल्या, तिला धरून वर आणलं, आतल्या खोलीत पिशवी काढून पाहिलं.

"भोक केवढं कापता?"

"पहिल्या दिवशी मापलं तेवढंच," शिंपी दाराबाहेरून म्हणाला. "मापात मी चुकत नाही, सिस्टर. स्टोम्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं."

"हे कुणी सांगितलं?"

त्याने फोन आत सरकवला. तेच चार ओळींचं उत्तर. आकडा बरोबर होता आणि वाक्य सिस्टरांचंच होतं. पण त्यांच्या पानावर त्या वाक्याला लागूनच दुसरं होतं: ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून दर आठवड्याला नव्याने मापा. ते वर आलंच नव्हतं. स्टोमा लहान झाला, भोक तेवढंच राहिलं आणि मधल्या उघड्या कातडीवर मळ लागत राहिला.

"खाली लिंक होती की. उघडली नाहीत?"

"उत्तर तर मिळालं होतं," शिंपी म्हणाला. मग आवाज उतरला. "माझंच चुकलं का?"

"नाही हो," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही अगदी बरोबर कापलंत."

त्यांनी नव्याने माप घेतलं, कातडी कोरडी करून पावडर भुरभुरली, जास्तीची झटकली आणि नवी चकती बसवली. बाईने त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही. दोघं गेल्यावर सिस्टर टेबलाशी येऊन बसल्या. शोधातल्या त्या चार ओळींखाली चूक कळवायची सोय होती. सुनेने तिथे सगळं नीट लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

"शिंप्याने आपल्याला विचारायला तर हवं होतं," सिस्टर म्हणाल्या. "पानाखाली प्रश्न टाकला असता तर त्याच दिवशी सांगितलं असतं मी." त्यांनी शेवटचे प्रश्न काढून पाहिले. महिनाभरात दोन आले होते. पूर्वी दिवसाला आठ-दहा येत.

पावसाळा संपता संपता सुनेने दाताच्या दवाखान्यात नोकरी धरली. सांगताना ती भांडी घासत होती, मागे वळली नाही. "घर चालायला हवं ना, आई." सिस्टर म्हणाल्या, "मी कुठे काय म्हटलं?" आणि कोरडी भांडी फडताळात लावत राहिल्या.

एकट्याने तीनशे पानं राखणं सिस्टरांच्याने होण्यासारखं नव्हतं. चकत्यांची नवी बनावट येते, पावडर बदलते. पान जुनं झालं की ते कुणाच्या तरी कातडीवर उठतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका रविवारी सुनेला शेजारी बसवून त्यांनी पानं काढायला घेतली. एकेक वाचायचं, आपल्याने राखलं जाईल का ते ठरवायचं. कपड्यांचं गेलं. प्रवासाची सहा पानं गेली. ट्रकचालकाचा उपाय असलेल्या पानाशी सून थांबली.

"हे राहू दे," ती म्हणाली.

"राहू दे."

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस पानं उरली. जाहिराती त्यांनी काढूनच टाकल्या. एवढ्याशा पैशांसाठी आजारी माणसाच्या डोळ्यांपुढे त्या नाचवायच्या कशाला? सर्व्हरचा खर्च सिस्टर पेन्शनमधून देतात.

वॉर्डातल्या सर्जनबाई एकेकाळी त्यांच्याच हाताखाली ड्रेसिंग शिकल्या होत्या. त्यांनी मंगळवारी सकाळी दोन तासांची परवानगी दिली. सिस्टर जातात, घरी सोडायच्या रोग्याजवळ बसतात आणि पोस्टकार्डाएवढा जाड कागद हातात देतात. त्यावर साइटचा पत्ता, त्यांचा फोन आणि मोठ्या अक्षरांत एकच वाक्य असतं: दर आठवड्याला मापा. आठवड्यात तीन नाहीतर चार माणसं. पूर्वी साइटवर एका तासात याच्या शंभरपट यायची, हे त्या कुणाला सांगत नाहीत.

परवाच्या मंगळवारी एका म्हाताऱ्या शिक्षकाने कागद उलटसुलट करून पाहिला. "हे सगळं फोनवर विचारलं की येतंच ना हो?"

"येतं," सिस्टर म्हणाल्या. "पण उठा आता. आरशासमोर उभे राहा. आज तुम्ही स्वतः कापायचं आहे, मी नुसती बघणार."