गोंधळातलं पाचवं नाव

हुबळीच्या बाजारात खणांचं दुकान असलेल्या घरातली गोदाक्का कानडीत भांडायची आणि मराठीत रडायची. भांडण भाजीवालीशी, तेव्हा ते कानडीतच शोभायचं. रडायला मात्र तिला कृष्णाकाठचं आडोली लागायचं. लग्न होऊन आडोलीच्याच नवऱ्यामागोमाग ती या गावात आली ती कायमची. इथंच तिची मुलं झाली, इथंच नवरा गेला. तरी कुणी "तुमचं गाव कोणतं?" म्हणून विचारलं, की ती पटकन "आडोली" म्हणायची आणि वर "इथं आपलं पोटासाठी" असंही ऐकवायची. हे ऐकून शेजारची सीतव्वा दरवेळी फुगायची आणि दरवेळी संध्याकाळपर्यंत विसरायची.

आडोली तिनं घरात नीट जपून ठेवलं होतं. काळं तिखट तिकडच्या रीतीनं कुटायचं, भाकरीचं पीठ तसंच मळायचं, सणाला देव्हाऱ्यापुढं तिकडचीच रांगोळी. पण या सगळ्याच्या वरचढ होता तो लग्न-बारशानंतरचा गोंधळ. तो घालायला आडोलीचा नागोजी गोंधळी संबळ पाठीला बांधून आगगाडीनं यायचा, अळणावरला उतरून चहा प्यायचा आणि हुबळीत पाय ठेवल्याबरोबर चहा वाईट होता म्हणून सांगायचा.

गोदाक्काचा जीव त्या गोंधळातल्या एका जागी अडकलेला असायचा. चौक मांडून झाला, दिवटी पेटली, संबळाची पहिली थाप पडली, की नागोजी देवांना बोलवायला लागायचा. आधी कोल्हापूर, तुळजापूर, जेजुरी अशी मोठी ठाणी. मग आवाज जरा खाली आणून तो आडोलीचे देव घ्यायचा. एकेका नावासरशी गोदाक्काला ती जागा दिसायची: घाट, वेस, मळा. हुबळीच्या अंगणात बसून ती गावभर हिंडून यायची. तिथं आता आपलं कुणी उरलं नव्हतं, पुन्हा पाऊल टाकायला मिळणार नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच हे हिंडणं तिला हवं असायचं.

सदतीस सालच्या मार्गशीर्षात थोरल्या वसंतचं लग्न झालं. सून मंगला धारवाडची, माहेर तिचंही मूळचं मिरजेकडचं. आणि नेमकी लग्नाच्या धामधुमीत मिरजेच्या एका व्यापाऱ्यानं बातमी आणली, की नागोजी आषाढातच गेला. त्याला मुलगा नव्हता.

"आता गं?" गोदाक्कानं हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं.

"आक्का, सत्यनारायण घालूया की," वसंत म्हणाला. "लोक तेच करायलेत आता."

"लोकांचं मला सांगू नकोस. गोंधळ झाल्याबिगर ही पोर आपल्या देवाला कशी ठाऊक होणार? नुसती चुलीपाशी वावरून घरची होते होय रे?"

मंगला दाराआड उभी होती. तिनं बिचारीनं चुलीकडं जायचं टाकलं आणि तिथंच थबकली.

शेवटी वसंतनंच अमरगोळच्या लक्ष्मण गोंधळ्याला आणलं. हा इकडचा, कानडी बोलणारा. गोंधळ मात्र दोन्ही भाषांत घालायचा. गोदाक्कानं त्याला पायापासून फेट्यापर्यंत न्याहाळलं आणि नाक मुरडलं. पण त्यानं चौक मांडायला घेतला तसं तिचं नाक हळूहळू जागेवर आलं. पाटावर कोरा खण, त्यावर तांदळाची रास, राशीवर कलश, कलशात विड्याची पानं आणि नारळ. वर पाच उसांचा मांडव. सुपाऱ्या मांडल्या, भंडारा ठेवला, दिवटीला तेल पाजलं. एक सुपारी तिरकी होती, तेवढी तिनं सरळ केली.

मग लक्ष्मणनं विचारलं, "अव्वा, तुमच्या गावचे देव सांगा. तुम्ही सांगाल तसं मी बोलावतो."

नागोजीनं हे कधी विचारलंच नव्हतं. गोदाक्का सावरून बसली. "गावचा भैरोबा," ती म्हणाली. "घाटावरची जानाई. वेशीवरला म्हसोबा. मळ्यातल्या आसरा. आणि..."

आणि पाचवं नाव येईना.

जागा दिसत होती. माळ, माळावरची दगडांची रास, राशीवर फडकं. लहानपणी तिथं करवंदं खाल्लेली आठवत होती. नाव तेवढं नाही. तिनं डोळे मिटून पुन्हा भैरोबापासून सुरुवात केली आणि पुन्हा आसरांपाशी येऊन थांबली. आता विचारायचं कुणाला? आडोलीचं असं हुबळीत दुसरं कोण होतं? पाहुणे बघत होते. सगळा जन्म ज्या गावाचा तोरा मिरवला, त्या गावची देवी आपण हरवली, या विचारानं तिला इतकं लाजिरवाणं झालं की तिनं पदरात तोंड लपवलं.

"इरली बिडरी, अव्वा," लक्ष्मण म्हणाला. "असू द्या. गोंधळात राहिलेल्या देवांनाही बोलावणं असतंय. नाव विसरलं म्हणून कोण रुसत नाही."

"ठाऊक आहे मला. पण पाच होते. चारांवर कसा गोंधळ घालू?"

सीतव्वा पाहुण्यांत बसली होती. तिच्याकडं नजर गेली आणि गोदाक्काला एक जुनी गोष्ट आठवली. वसंत तान्हा असताना गोवरानं फणफणला होता. नवरा मालासाठी परगावी, घरात दुसरं माणूस नाही. तेव्हा याच सीतव्वानं तिला गल्लीच्या टोकाच्या द्यामव्वाच्या देवळात नेलं होतं. गोदाक्कानं तेल वाहिलं, ओटी भरली, आणि पोर उठून बसल्यावर हे सारं मनाच्या तळाशी दडपून टाकलं. परक्या गावची देवी, तिचं नाव आपल्या गोंधळात कसं घ्यायचं?

ती पदर सावरून उठली.

"पाचवी द्यामव्वा," ती म्हणाली.

सीतव्वानं गालावरून हात फिरवला, तो ओला निघाला.

संबळ वाजला. लक्ष्मणच्या तोंडी आडोलीचे देव कानडी वळणानं आले, जानाईचं तर त्यानं 'जानव्वा' केलं. तरी गोदाक्का घाटावर जाऊन आली, वेशीवर गेली, मळ्यात गेली आणि शेवटी आपल्याच गल्लीच्या टोकाला येऊन उभी राहिली. मंगलानं भंडारा कपाळी लावून घेतला आणि पुढं पाची नावं पाठ केली. मुलं झाली तशी तिनं ती मुलांनाही शिकवली, द्यामव्वासकट, कृष्णाकाठची म्हणूनच.

शेहेचाळीस साली धाकट्या सदाशिवचं लग्न ठरलं, तेव्हा वसंत कुलदैवताला पत्रिका ठेवायला कोल्हापूरला गेला आणि मुलांना घेऊन वाकडी वाट करून आडोलीलाही जाऊन आला. परत आला तो हसतच.

"आक्का, तुझ्या नातवानं तिथं काय विचारलं ठाऊक आहे? भैरोबा बघितला, जानाई बघितली. मग म्हणतोय, इथली द्यामव्वा कुठं आहे? सगळं गाव तोंडाकडं बघायला लागलं. कुणी ऐकलेलीच नाही!"

गोदाक्का हसली नाही. "माळावर गेलास?" तिनं हळूच विचारलं.

"गेलो की. तिथं आहे एक. टेकाई."

टेकाई. म्हातारीच्या ओठांवर ते नाव दोनदा हललं. इतक्या वर्षांनी ते परत आलं होतं, करवंदांच्या चवीसकट. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंसुद्धा नाही.

"मग आता गोंधळात द्यामव्वा गाळायची की काय?" वसंतनं विचारलं. "ती काही आपल्या गावची नव्हे."

"कोण म्हणतंय?" गोदाक्का कडाडली, आणि तेही कानडीत. मग मंगलाकडं वळून मराठीत म्हणाली, "लक्ष्मणला सांगून ठेव, आमचे देव सहा आहेत."