मांडव छावणीत, पंगत महापालिकेत

परभणीत मांडवाचा धंदा करताना मी एक गोष्ट शिकलो. परवानगी हा प्रकार फोनवर मिळतो. पोखर्णीची जत्रा असो की सोनपेठच्या बाजारातली सभा, कुणाला ना कुणाला फोन लावायचा, आवाज थोडा चढवायचा आणि पोरांना म्हणायचं, "मारा पहार." हा शहाणपणा सोबत घेऊनच मी भाचीच्या लग्नाचा मांडव घालायला आक्काकडे गेलो. सोबत मांडवाचा टेम्पो आणि वालूरची सहा माणसं होती.

आक्काचं घर एका मोठ्या शहरातल्या छावणीत आहे. छावणी म्हणजे लष्कराची जुनी वसाहत, पण तिच्यात किराणा दुकानं आहेत, शाळा आहेत, पिठाच्या गिरण्या आहेत आणि आक्कासारखी हजारो साधी माणसं राहतात. मामा या नात्यानं मांडव माझा. लग्न हॉलमध्ये का नाही, तर दाजींमुळे. दाजी जिन्यावरून पडले, मांडीत सळई घालावी लागली आणि डॉक्टरांनी बजावलं, ओसरीच्या पुढे न्यायचं नाही. मुलगी एकुलती. ओसरीवर बसून कन्यादान मीच करणार, असं दाजींनी सांगून टाकलं. तेव्हा मांडव दारातच हवा होता, आणि दार म्हणजे रस्ता.

परवानगी मी आधीच काढली होती. पत्रिकेवर शहराचं नाव छापलं होतं, म्हणून मी सरळ शहराच्या महापालिकेच्या झोन ऑफिसात गेलो. क्लार्कनं प्रभाग विचारला. मला माहीत नव्हता. आक्काच्या घरासमोर चहाचं हॉटेल आहे, त्याच्या पाटीवर लिहिलेला प्रभाग मी ठोकून दिला. फी भरली, शिक्का पडला, कागद खिशात टाकला. आक्कानं फोनवर विचारलं, "परवानगी?" मी म्हटलं, "खिशात हाय."

लग्न गुरुवारी होतं. बुधवारी सकाळी पोरांनी पहारीनं तिसरा खड्डा घेतला, तेवढ्यात एक सडपातळ माणूस स्कूटरवरून उतरला. छावणी बोर्डाचा इन्स्पेक्टर.

"कुणी सांगितलं रस्ता खोदायला?"

मी मोठ्या ऐटीत कागद काढून दिला. त्यानं वाचला, उलटा करून पाहिला, परत सरळ केला आणि मला म्हणाला, "काका, हा कागद चांगला आहे. पण त्या बाजूचा आहे."

"कोणत्या बाजूचा?"

त्यानं रस्त्यापलीकडच्या गटाराकडे बोट दाखवलं. "त्या गटारापासून महापालिका. अलीकडे बोर्ड. हा रस्ता बोर्डाचा. महापालिकेला इथं झाडूसुद्धा मारता येत नाही, मांडव तर दूरच."

गटाराच्या कडेला खरंच एक दगड होता, अर्धा जमिनीत. हॉटेलवाला त्यावर दुधाची कॅन ठेवायचा. तो हद्दीचा दगड आहे हे त्यालाही आत्ताच कळलं. त्यानं कॅन हळूच खाली उतरवली.

"आत्ताच्या आत्ता बांबू उचला," इन्स्पेक्टर म्हणाला. "हा रस्ता मिलिटरी हॉस्पिटलला जातो. बंद करता येत नाही."

ओसरीवर दाजी खाटेवर उठून बसले होते. नुसतं माझ्याकडे पाहत राहिले, आणि ते पाहणं मला बांबूपेक्षा जड गेलं.

मी फोन काढला. आधी परभणीतल्या एका पुढाऱ्याच्या पीएला. तो म्हणाला, "मामा, आमच्या साहेबांचं तिथं चालत न्हाई, ते दिल्लीच्या संरक्षण खात्याकडं हाय." मग तहसीलमधल्या चुलतभावाला. तो तर हसायलाच लागला. "आमच्या कलेक्टरला जरी सांगितलं ना, तरी तिथल्या बांबूला हात लावता येत न्हाई." आयुष्यात पहिल्यांदा माझे सगळे फोन वाया गेले. शेवटी हॉटेलवाल्यानं आपल्या प्रभागाच्या माजी नगरसेवकाला बोलावलं. गडी बुलेटवर आला, कपडे पांढरेशुभ्र, गळ्यात सापाएवढी सोन्याची चेन. गटारापाशी येऊन ब्रेक मारला आणि तिथूनच ओरडला,

"काय प्रॉब्लेम आहे?"

"इकडं या की!" मी ओरडलो.

"माझं इथपर्यंतच!"

इतका मोठा माणूस फुटभर गटारापुढे थांबलेला मी कधी पाहिला नव्हता.

शेवटी आक्का म्हणाली, "तू आन् तुझे फोन. चल, ऑफिसला जाऊ." तिनं पदर खोचला. मुहूर्ताला अजून एक रात्र होती आणि मांडवाचा एकही खांब उभा नव्हता.

छावणी बोर्डाचं ऑफिस म्हणजे लांब बैठी इमारत, जाड भिंती, बाहेर कुंड्यांच्या रांगा. सीईओ साहेब, म्हणजे बोर्डाचे मुख्य कार्यकारी अधिकारी, सभेत होते. बोर्डाची मासिक सभा चालली होती. व्हरांड्यात बाकावर आमच्यासारखीच चारपाच माणसं. मी बसलो, उठलो, कुंड्या मोजायला निघालो, परत बसलो. हेडक्लार्क बाई म्हणाल्या, "जमीन झिजेल आमची."

"आत कोण कोण बसलंय?" मी विचारलं.

"ब्रिगेडियर साहेब अध्यक्ष, सीईओ साहेब सचिव आणि एक सरकारनं नेमलेले नागरिक. तिघंच. निवडून आलेल्यांची मुदत कधीच संपली, निवडणूक झाली नाही."

"म्हणजे इथं नगरसेवक न्हाईत?"

"पूर्वी होते की. निम्मे निवडून आलेले, निम्मे लष्कराकडून आणि सरकारकडून."

बाकावरचे एक आजोबा मला समजावू लागले. त्यांचं नळाचं काम अडकलं होतं, त्यामुळे वेळ भरपूर होता. "ही वसाहत सैन्यासाठी बसवलेली, साहेब. इंग्रजानं बसवली. पलटण आजारी पडू नये, बाजार तिच्या अंगावर येऊ नये, म्हणून पाणी, सफाई, बांधकाम, रस्ते सगळं स्वतःच्या हातात ठेवलं. कायदा नवा आला, पण सैन्य इथंच आहे, म्हणून कारभारही तसाच. आमदाराला मत देतो आम्ही, पण गटारासाठी दिल्लीचा कायदा."

"आणि जमीन?"

"घर माझं. खालची जमीन बहुतेकांची सरकारची. विटेला वीट लावायची तरी बोर्डाला सांगावं लागतं."

"आता म्हणे महापालिकेत घालणार आहेत आपल्याला," दुसरी एक बाई म्हणाली. "नागरी वस्ती काढून देणार. आजच्या सभेत तोच विषय आहे."

मी ताडकन उठलो. "आजच? दुपारपर्यंत होईल का?"

"कशाला?"

"दुपारपर्यंत ही बाजू महापालिकेत गेली, तर माझा कागद चालू होतो!"

व्हरांडा हसला. हेडक्लार्क बाईंनी चष्मा पुसला. आक्का मात्र हसली नाही. "ह्याला आत सोडू नका," ती म्हणाली. "मीच बोलते."

सभा सुटली. सीईओ साहेब तरुण होते, हातात फायली. आक्कानं एका दमात सांगितलं: नवरा खाटेवर, कन्यादान ओसरीवर, उद्याचा मुहूर्त, आणि भाऊ असा. माझा उल्लेख शेवटी आला, तोही हातानं.

साहेबांनी अर्ज लिहायला लावला आणि वाचून सांगितलं, "रस्ता देता येणार नाही. ॲम्ब्युलन्स जाते, गाड्या जातात. तुमच्या कंपाउंडमध्ये कापडी मांडव घाला, आमचं काही म्हणणं नाही. बाहेरचा मातीचा पट्टा, कुंपणापासून झाडांच्या ओळीपर्यंत, एका दिवसासाठी मी देतो. खड्डा घेतलात तर बुजवून द्यायचा. कचरा उचलायचा. पोलिसांचं पत्र संध्याकाळपर्यंत आणा."

"पाहुणे चारशे हायेत, साहेब," मी न राहवून बोललो. "पट्ट्यात पन्नास मावतील."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "इन्स्पेक्टरनं कळवलंय, तुमच्याकडे समोरच्या बाजूची परवानगी आहे ना?"

मी खिशावर हात ठेवला.

गटारापलीकडे हॉटेलच्या शेजारी महापालिकेचं रिकामं मैदान होतं. कागदावर जागा 'घरासमोर' एवढीच लिहिली होती. माजी नगरसेवक पुन्हा बुलेटवर आला. या वेळी त्याची हद्द होती, म्हणून आवाजही मोठा होता. तो स्वतः झोन ऑफिसला गेला, त्या क्लार्ककडून 'घरासमोरील मैदान' असं लिहून सही-शिक्का घेऊन आला आणि म्हणाला, "बघा, आपल्याकडं काम कसं होतं!" रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या इन्स्पेक्टरनं त्याला नमस्कार केला. दोघांमध्ये गटार होतं, पण नमस्कार पोचला.

आक्का पोलिसांचं पत्र आणायला गेली आणि पोरं वेड्यासारखी कामाला लागली. निम्मे बांबू अलीकडे, निम्मे पलीकडे. ओसरीपुढे बोहलं, पट्ट्यात मानाची माणसं, आणि पलीकडच्या मैदानात जेवणाच्या पंगती. मी इकडून तिकडे, तिकडून इकडे. दर वेळी रस्ता ओलांडताना एखादी लष्करी गाडी यायची आणि मी तिला हात दाखवून थांबवायचा प्रयत्न करायचो. एकही थांबली नाही.

संध्याकाळी वऱ्हाड आलं. मुलाचे वडील मूळचे सोनपेठकडचे, पण जन्म काढला एका कारखान्याच्या गावात, दुसऱ्या राज्यात. सीमांतपूजन करायचं, म्हणजे वराकडच्यांना गावच्या शिवेवर ओवाळून घ्यायचं. भटजी म्हणाले, "शीव कोणती धरायची?" आक्का ताट घेऊन सरळ गटाराच्या दगडापाशी गेली. "ही की. दिवसभर हिनंच नाचवलंय."

दगडाला हळदकुंकू लागलं. व्याही पलीकडे, आम्ही अलीकडे, मध्ये गटार. व्याह्यांना सगळी कथा मीच रंगवून सांगितली. ते हसत म्हणाले, "आमच्याकडं तर गटार असो की शीव, सगळी कंपनीचीच. औद्योगिक नगरी म्हणून सरकारनं जाहीर केलीय. पाणी, दिवे, कचरा कंपनी बघते, म्हणून तिथं नगरपालिका न्हाईच. नळ गेला तर ऑफिसला फोन. लगेच माणूस येतो."

"मग बरंच की," आक्का म्हणाली.

"बरं हाय. पण भांडायचं कुणाशी, ते न्हाई सापडत. तुमच्याकडं निदान एक दगड तरी हाय."

रात्री पट्ट्यातले शेवटचे खांब उभे राहिले. दाजींनी खाटेवरून मान उंच करून मांडव पाहिला आणि मला बोलावलं. "पोचला का रे माझ्यापर्यंत?"

"पोचला, दाजी. ओसरीच्या पायरीला लागलाय."

"मग झोप. आन् सकाळी फोन काढू नकोस."

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला मामा म्हणून मी भाचीला धरून बोहल्यावर आणलं. अंतरपाटामागं उभा राहिलो. मैदानातले तीनशे जण गटाराच्या काठावर उभे होते, हातात अक्षता. मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं सुरू झालं आणि नेमका त्याच वेळी हॉस्पिटलकडून लष्कराचा एक ट्रक आला. रस्ता मोकळा ठेवायचा होता, म्हणून मोकळाच होता. पलीकडच्या तीनशे जणांनी मात्र अक्षता फेकल्याच. वधूवरांपर्यंत त्यातल्या मोजक्याच पोचल्या. बाकी सगळ्या ट्रकवर पडल्या. ड्रायव्हरनं वेग कमी केला, खिडकीतून बाहेर पाहिलं, केसांतले तांदूळ झाडले आणि हॉर्न न वाजवता हळू निघून गेला.

ओसरीवर दाजींना खुर्चीत बसवलं होतं, पाय उशीवर. भाचीचा हात त्यांनी जावयाच्या हातात ठेवला, आक्कानं पाणी सोडलं. दाजींना ओसरीच्या पुढे एक पाऊलही टाकावं लागलं नाही.

दुपारी पंगती उठल्यावर इन्स्पेक्टर आला. बुधवारी रस्त्याच्या कडेला घेतलेले तीन खड्डे मोजून पाहिले. दोन बुजवलेले, एक राहिलेला.

"काका, तो?"

"जेवलात का?" मी विचारलं.

"ड्युटीवर आहे."

"जेवण पलीकडं हाय. तिथं तुमची ड्युटी न्हाई."

त्यानं एकदा गटाराकडे पाहिलं, एकदा खड्ड्याकडे. मग स्कूटर अलीकडेच लावली आणि पायी पलीकडे गेला. तो पंगतीत बसेपर्यंत मी स्वतः फावडं घेऊन खड्डा बुजवला.