दोघींच्या मधला चंद्र

वहिनींनी चौतीस वर्षं भूमापन कचेरीत नकाशे काढले. कागदावरची रेघ केसाइतकी सरकली तर जमिनीवर कुणाची तरी विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत जाते, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच छंद धरला, तोही मोजमापाचाच. कचेरीतले एक वृद्ध साहेब नोकरी सोडून जाताना सायन, म्हणजे पाश्चात्य पद्धतीच्या ज्योतिषाची तीन पुस्तकं आणि ग्रहांचे जाडजूड तक्ते त्यांच्या टेबलावर ठेवून गेले होते. त्यातून वहिनी जन्मकुंडल्या मांडायला शिकल्या. भविष्य सांगायला त्या फारशा उत्सुक नसत. "मी फक्त आकाशाचा नकाशा काढते," म्हणायच्या. "कुठे जायचं ते ज्याचं त्याने बघावं."

बंद पडलेल्या एका छापखान्याच्या वरच्या तीन खोल्यांत त्या राहत. सोबतीला नणंद. नणंदेने इस्पितळाच्या धुलाईखात्यात उभी हयात काढली होती आणि अजूनही घरातला कपडा घडी न घालता ठेवला तर तिला घास गोड लागत नसे. वहिनी तिला वन्सं म्हणत. ज्यांच्यामुळे हे नातं जुळलं, ते वहिनींचे यजमान, म्हणजे वन्संचे थोरले भाऊ, जाऊन नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं दोघींचं बरं चाललं होतं. भांड्याला भांडं लागायचं, पण आवाज स्वयंपाकघराबाहेर जात नसे.

मग एके दिवशी साफसफाईच्या भरात वहिनींनी यजमानांचा बिघडलेला रेडिओ भंगारवाल्याला देऊन टाकला. वन्संना विचारलं नाही. वन्संनी जाब विचारला आणि वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या घरातलं काय ठेवायचं ते मी ठरवीन." शब्द तोंडातून सुटला की सुटला. दुसऱ्या दिवशी वन्संनी दुसऱ्या गावी राहणाऱ्या धाकट्या भावाला पत्र टाकलं, की तीन महिन्यांनी मी कायमची तुझ्याकडे येते.

त्यानंतर अकरा आठवडे दोघींमध्ये अबोला. चहाचे दोन कप वेगवेगळ्या वेळी होत. फक्त आठवड्यातून एकदा, धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायला दोघी समोरासमोर उभ्या राहत, कारण मोठी चादर एकटीला आवरत नाही. टोकाला टोक जुळवायचं, एकीने पुढे यायचं, घडी दुसरीच्या हातात द्यायची. तेवढं झालं की पुन्हा दोन खोल्या आणि दोन दारं.

चूक कुणाची, हे वहिनींना बघायचं होतं. माणूस रागात असला की पुरावा शोधतो. त्यांनी दोघींच्या कुंडल्या शेजारी ठेवल्या आणि आपला कोणता ग्रह तिच्या कोणत्या ग्रहाशी कसा कोन करतो ते मांडलं. त्यात हवं तेवढं सापडलं. इथे खटका, तिथे ओढ, प्रत्येक रेघेच्या एका टोकाला त्या आणि दुसऱ्या टोकाला वन्सं. एकीने दुसरीला काय केलं, एवढंच त्यातून दिसत होतं. वहिनींना समाधान वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

तेव्हा त्यांनी पुस्तकातलं आजवर वगळलेलं प्रकरण उघडलं. संयुक्त कुंडली. नवरा-बायको, मित्र, भाऊ, भागीदार, कुणाही दोघांची करता येते. रीत अगदी साधी होती. दोघांचे सूर्य घ्यायचे आणि त्यांच्या बरोब्बर मधला बिंदू काढायचा. तसंच चंद्राचं, बुधाचं, शुक्राचं, शेवटच्या ग्रहापर्यंत. त्या मध्यबिंदूंची मिळून एक नवीन कुंडली होते. पुस्तकात लिहिलं होतं की ती दोघांपैकी कुणाचीच नसते. ती त्या नात्याची असते, जणू नातं हाच एक जीव आहे.

मध्यबिंदू म्हणजे वहिनींच्या हातचा मळ. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.

मेषेच्या आरंभापासून सरळ अंश मोजायचे. त्यांचा सूर्य वृषभेच्या पाचव्या अंशावर, म्हणजे पस्तीस. वन्संचा कन्येच्या पाचव्या, म्हणजे एकशे पंचावन्न. बेरीज एकशे नव्वद, निम्मे पंच्याण्णव. कर्केचे पाच. या नात्याचा सूर्य कर्केत आला. दोघींपैकी एकीच्याही कुंडलीत कर्केत काही नव्हतं.

शुक्र काढताना त्यांचा हात थांबला. आपला मीनेच्या एकविसाव्या अंशावर, वन्संचा तुळेच्या एकोणिसाव्या. मधला बिंदू मकरेचे पाच. त्यांनी पुन्हा बेरीज केली. मग कंपास घेऊन वर्तुळावर मोजून पाहिलं. मकरेचे पाच म्हणजे सूर्याच्या नेमका समोर, वर्तुळाच्या दुसऱ्या टोकाला. आणि शुक्र तर सूर्यापासून सत्तेचाळीस अंशांपेक्षा लांब कधी जातच नाही. पृथ्वीवरून बघणाऱ्याला तो सूर्याच्या समोर दिसणं शक्यच नाही. आजवर असं आकाश कुणी पाहिलेलं नाही आणि पुढेही कुणी पाहणार नाही.

मोजणीत चूक नव्हती. पुस्तकातही तळटीप होती, की संयुक्त कुंडली कुठल्याही खऱ्या क्षणाची नसते, त्यामुळे तिच्यात अशी अशक्य स्थिती येऊ शकते. वहिनी कितीतरी वेळ तो कागद बघत बसल्या. आयुष्यभर त्यांनी जे होतं त्याचेच नकाशे काढले होते. आज कागदावर एक असं आकाश उतरलं होतं जे फक्त दोन माणसं एका घरात राहिल्यामुळे अस्तित्वात होतं.

अडला तो चंद्र. वर्तुळावरच्या कुठल्याही दोन बिंदूंना मध्य दोन असतात, एक जवळच्या बाजूचा आणि एक त्याच्या समोरचा. रीतीप्रमाणे जवळचा घ्यायचा. वहिनींचा चंद्र मेषेच्या तेरा अंश दहा कलांवर. वन्संची जन्मवेळ ठाऊक नव्हती म्हणून दुपारी बाराची धरली होती, तेव्हा चंद्र तुळेच्या तेरा अंश चाळीस कलांवर येत होता. दोन्ही चंद्र जवळजवळ समोरासमोर, फरक अवघ्या अर्ध्या अंशाचा. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश पळतो. वन्सं पहाटे जन्मल्या असतील तर जवळचा मध्य कर्केत, सूर्याच्या कुशीत. संध्याकाळी जन्मल्या असतील तर तोच चंद्र वर्तुळ ओलांडून मकरेत, सूर्यासमोर. कुंडलीतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी क्षितिजावर उगवणारा बिंदू, आणि बारा घरं तर मुळातच बदलणार. सबंध नात्याचा चंद्र एका वेळेवर टांगलेला, आणि ती वेळ माहीत असलेलं माणूस पलीकडच्या खोलीत उशांचे अभ्रे इस्त्री करत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चादरीची दोन टोकं हातात असताना त्यांनी विचारलं, "वन्सं, तुमचा जन्म किती वाजताचा?"

अकरा आठवड्यांनी पहिला प्रश्न, आणि तोही असला. वन्सं म्हणाल्या, "सहाचा. आई सांगायची, कारखान्याचा भोंगा वाजला आणि मी रडले. दादा म्हणायचा, त्याला वाटलं भोंगा अजून चालूच आहे."

वहिनींना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. भोंगा तर सकाळी सहालाही व्हायचा आणि संध्याकाळी सहालाही. त्यांनी तेच विचारलं. वन्संनी चादर खाली ठेवली. हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्या आठवू लागल्या. दादा तेव्हा सहा वर्षांचा. सुईणीला बोलवायला तोच धावला होता, आणि धावताना दप्तर पाठीवरून काढायचं विसरला म्हणून तिच्या अंगणात पडला, त्याची दौत फुटली, शर्टावर शाई सांडली. तो शर्ट आईने कितीतरी वर्षं जपून ठेवला होता.

"दप्तर पाठीवर होतं," वन्सं सावकाश म्हणाल्या. "म्हणजे शाळेतून येतच होता. संध्याकाळच."

वहिनी चादर तशीच टाकून टेबलाशी गेल्या. तुळेचे सतरा. जवळचा मध्य मकरेचे पंधरा. कर्केतला मऊ चंद्र त्यांनी मनातल्या मनात धरून ठेवला होता, तो गेला. त्यांनी दोघींच्या दशमबिंदूंचा, म्हणजे कुंडलीच्या माथ्यावरच्या बिंदूंचा, मध्य काढला आणि त्यावरून, ज्या गावात दोघी राहत होत्या त्याच गावाच्या अक्षांशावर, घरं मांडली. सूर्य तळाशी आला, चौथ्या घराच्या उंबऱ्यावर, म्हणजे घरकुलाच्या जागी. चंद्र आणि शुक्र वर माथ्याशी, मकरेत, कामाच्या राशीत. बोलून न दाखवता राबून दाखवणारी माया, असं पुस्तक म्हणत होतं.

वहिनींनी मान वर केली तर वन्सं मागे उभ्या होत्या. वहिनींनी त्यांना सगळं समजावलं, बेरजा आणि निम्मे दाखवत, त्या अशक्य शुक्रासकट. वन्संनी बोट न लावता कागद निरखला.

"यात मी कुठे?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही. मीही नाही. हे आपल्या दोघींच्या मधलं आहे. तिसरंच."

वन्सं खुर्चीत बसल्या. त्यांनी विचारलं, की मी निघून गेले तर याचं काय होतं. वहिनी म्हणाल्या, काही नाही. जन्माचे ग्रह हलत नाहीत, मग त्यांचे मध्यही हलत नाहीत. आज आकाशातला शनी मेषेच्या पाच अंशांवर आहे, या सूर्याला आणि शुक्राला काटकोनात. तो दोघींना वेगवेगळं नाही, या मधल्या तिसऱ्याला छळतो आहे. दोघींतली एक राहिली नाही तरी पुढचे ग्रह यावरून जात राहतील.

"म्हणजे नऊ वर्षं हे इथंच होतं," वन्सं म्हणाल्या. "आणि अकरा आठवडे आपण त्याला उपाशी ठेवलं."

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, घर माझं म्हटलं ते चुकलं माझं. रेडिओ तुम्हाला विचारून द्यायला हवा होता."

वन्संनी मान डोलावली. त्या दिवशी चहा एकाच वेळी झाला.

धाकट्या भावाकडे त्या गेल्या, शब्द दिला होता म्हणून. मात्र कायमच्या नाही, पंधरा दिवसांसाठी. नवव्या दिवशी पिशवी घेऊन परत दारात हजर. तिथे चादरी कुणी नीट झटकत नाही, एवढंच कारण त्यांनी दिलं.

त्याच आठवड्यात त्यांनी वहिनींकडे एक मागणी केली. माझी आणि दादाची अशी काढता येईल का? वहिनी म्हणाल्या, येईल. दोघांचेही ग्रह आहेत, मग मध्यही आहेत. त्या कामाला लागल्या. एकेक बिंदू वर्तुळावर उतरत गेला तशी त्यांची पेन्सिल हळू होत गेली. ज्या माणसाबरोबर त्यांनी संसार केला, त्याच्या नावाचं हे आकाश त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या घरात येण्याच्या कितीतरी वर्षं आधी, दप्तरासकट धावलेल्या त्या पोराला बहीण झाली त्या संध्याकाळी, हे आकाश जन्माला आलं होतं, आणि त्यात वहिनींना कुठेही जागा नव्हती. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. परक्या देवळात शिरल्यासारखं त्यांनी आवाज न करता काम पुरं केलं, कागद वन्संच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांना एकटीला तो बघू द्यावा म्हणून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.