डाव्या स्क्रीनवर तो होता

मी पाहिलं होतं. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पोलिसांना सांगितलं ते याच्या उलट. म्हणालो, साहेब, मीटिंगच्या व्हिडिओ कॉलची खिडकी स्लाइडच्या मागे गेली होती, मला काही दिसलं नाही. हवालदाराला त्यातलं काही कळत नव्हतं. त्याने लिहून घेतलं, मी सही केली.

चाकणच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट आम्ही प्रेसवर काढतो. दर आठवड्याला कस्टमरबरोबर ऑनलाइन मीटिंग असते आणि ती मी चालवतो. माझ्या टेबलावर दोन मॉनिटर. सुरुवातीला कुठे काय ठेवायचं याचं मला भान नसायचं. जिथे जागा दिसेल तिथे स्लाइड, जिथे उरेल तिथे कॉल. एकदा शेअर केलेल्या स्क्रीनवरच चॅटचा मेसेज उगवला: ‘हा टकल्या आज जेवून आलाय का नुसता भांडायला?’ कस्टमरकडच्या साहेबांना डोक्यावर केस नव्हते. वीसेक लोकांनी तो वाचला.

मेसेज माझ्या मित्राचा होता. प्रेस शॉपचा इन्चार्ज, मूळचा लातूरकडचा. आम्ही एकाच वर्षी कंपनीत लागलो होतो. मीटिंग संपल्यावर तो यार्ड ओलांडून माझ्या टेबलाशी आला, आधी पोट धरून हसला आणि मग माझीच खुर्ची ओढून बसला.

“सरक. तुला दोन स्क्रीन देणं म्हंजी माकडाच्या हातात कोलीत. हे बघ. उजवीकडं फक्त स्लाइड. शेअर करायची ती हीच. डावीकडं कॉल, अन् त्याच्याखाली चॅट. तिकडचं कुणालाच दिसत नाही, फक्त तुला. कॅमेरा उजव्याच्या डोक्यावर बसव. टकल्याला वाटंल, तू त्याच्याकडंच बघायलास.”

तेव्हापासून माझी मांडणी तीच राहिली. तो त्याच्या शॉपमधल्या काचेच्या केबिनमधून मीटिंगला बसायचा. प्रेसच्या धडधडीमुळे कायम म्यूटवर. कस्टमरने लाइनवरचं काही विचारलं की तो खाजगी चॅटमध्ये उत्तर टाकायचा, मी डोळे किंचित डावीकडे नेऊन ते वाचायचो आणि स्वतःचं असल्यासारखं बोलायचो. कस्टमर म्हणायचा, तुमची तयारी चांगली असते. तो म्यूटवर दात काढायचा.

आमच्या कारखान्याचं भंगार उचलायचा ठेका तिथल्याच एका माणसाकडे होता. भंगाराच्या गाडीत वर पत्र्याचे तुकडे आणि खाली चांगले पार्ट, हे मित्राने एकदा पकडलं. गाडी रिकामी करायला लावली. नंतरच्या आठवड्यात ठेकेदाराने मला गेटवर गाठलं. खांद्यावर हात ठेवला. अगदी प्रेमाने.

“सायेब, मित्राला जरा समजावा. तापट हाय त्यो. तुमी पिंपळे गुरवला ऱ्हाता न्हवं? मुलगी कालेजात जाती म्हनं. लई ट्रॅफिक असतंय तिकडं.”

मी मित्राला फक्त एवढंच म्हणालो, “जाऊ दे ना राव, आपल्या बापाचं काय जातंय?” मुलीचं नाव निघालं होतं हे सांगितलं नाही.

“बापाचं नाही, माझं जातंय,” तो म्हणाला. “ते पार्ट बाजारात गेले अन् कुणाच्या गाडीखाली तुटले, तर शिक्का माझ्या शॉपचा आहे.”

त्या दिवशी सकाळी तो दोन चहा घेऊन आला.

“आज पुन्हा गाडी रिकामी करायला लावलीय. ते येणार. मीटिंगमध्ये मला डावीकडं मोठा करून ठेव.”

“म्हणजे?”

“पिन कर रे. बाकीची तोंडं बारीक, मी मोठा. काही झालं तर तुला दिसंल. सिक्युरिटीचे पोरं ठेकेदाराचेच आहेत. तू ओरडत खाली आलास तर ऑफिस तुझ्या मागं येईल.”

“हो रे भावा. तुलाच बघत बसतो.”

शब्दशः तेच केलं मी.

मीटिंग साधी नव्हती. आमच्या पार्टला तडे निघाले होते आणि कस्टमर ऑर्डर दुसरीकडे वळवायच्या बेतात होता. आमचे प्लांट हेड गाडीतून, फोनवरून जोडलेले होते. मी उजवीकडे स्लाइड लावल्या, शेअर केल्या, डावीकडे त्याला पिन केलं. बाकीच्यांच्या लॅपटॉपवर स्लाइड मोठी आणि कडेला चारदोन चेहरे. गप्प बसलेला माणूस त्या ओळीत येत नाही. त्यामुळे तो कुणालाच दिसत नव्हता. मला मात्र वीतभर तोंडाचा, पेन चावणारा, स्पष्ट दिसत होता.

तड्यांचं कारण सांगून होत आलं होतं, तेवढ्यात त्याने मान वर केली. समोर बघितलं, मग दोन बोटांनी घाईने काहीतरी टाइप केलं. डावीकडे खाली चॅटमध्ये उमटलं: ‘आले. ये.’

मी वाचलं. मी त्या खिडकीत क्लिक केलं नाही. माझा माउस उजवीकडे होता, स्लाइडवर. त्यामुळे त्याच्याकडे मेसेजपुढे ‘वाचला’ची खूण उमटली नाही. पुढे त्या न उमटलेल्या खुणेनेच मला वाचवलं.

दार उघडलं. तीन माणसं आत आली. ठेकेदार पुढे. मित्र उभा राहिला आणि दोन्ही तळवे समोर धरले, थांबा म्हणतात तसे. हातात काही नव्हतं. हे मी नीट पाहिलं. ठेकेदाराच्या पुतण्याने पाठीमागून गज काढला आणि पहिला फटका त्या तळव्यांवरच हाणला. आवाज नव्हता. म्यूट. बोटं वाकलेली दिसली आणि तोंड उघडलेलं दिसलं.

“…म्हणून डायच्या कोपऱ्याची त्रिज्या आपण वाढवली आहे,” मी बोलत होतो.

दुसरा फटका कानावर बसला. त्याने तोल सावरायला टेबल धरलं, तर ठेकेदाराने केस पकडून डोकं टेबलावर आपटलं. एकदा. परत उचलून, परत. कपाळ लॅपटॉपच्या कडेला लागलं तेव्हा अख्खं चित्र हादरलं. कॅमेऱ्याच्या काचेवर काहीतरी ओलं उडालं आणि स्क्रीनचा एक कोपरा लाल-धुरकट झाला. त्या धुरकटातून मला त्याचा डोळा दिसला, अगदी जवळ, कॅमेऱ्यात बघणारा. माझ्याकडे बघणारा. मग त्याने गुडघा वर झाडला, कुणीतरी मागे केबिनच्या काचेवर गेलं, काच ढासळली. लॅपटॉप उलटला. पुढे फक्त छताची ट्यूबलाइट आणि कडेने वरखाली होणारा गज.

मी खुर्चीतून उठलो नव्हतो. जिना उतरून यार्ड ओलांडायचं होतं, बस. माझ्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक, मुलगी कॉलेजला जाते. दुसरी सांगायला लाज वाटते: आत्ता शेअरिंग बंद केलं तर कस्टमर काय म्हणेल.

“हॅलो? आवाज येतोय का?” टकल्या साहेबांनी विचारलं.

“येतोय सर. सॉरी,” मी म्हणालो. “पुढची स्लाइड बघू.”

त्या स्लाइडचं शीर्षक होतं ‘कायमस्वरूपी उपाय’. ती मी पूर्ण वाचून दाखवली.

त्याला प्रेसवरच्या पोरांनी उचलून दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची तीन बोटं मोडली होती, जबडा सरकला होता, डाव्या कानाचा पडदा गेला होता. ठेकेदाराच्या पुतण्याच्या डोक्यालाही काचेने टाके पडले होते आणि त्याने उलटी तक्रार दिली: साहेबाने आधी लोखंडी पट्टी मारली, आम्ही सोडवायला गेलो. केबिनमध्ये कॅमेरा नव्हता. प्रेसवरच्या पोरांना काच फुटल्यावर कळलं, पहिला फटका कुणी पाहिला नव्हता.

पाहणारा एकच होता. प्लांट हेडनी बोलावलं.

“तो म्हणतो, तुम्हाला मेसेज केला होता. तुम्ही त्याला बघत होता.”

“चॅट आणि कॉल दोन्ही स्लाइडच्या मागे होते सर. एकाच स्क्रीनवर. मेसेज वाचल्याची खूणही नाही, बघा.”

त्यांनी लगेच मान डोलावली. त्यांनाही हेच हवं होतं. “बरं झालं तुम्ही मीटिंग सोडली नाहीत. ऑर्डर राहिली.” कागदावर ‘आपसातली मारामारी’ असं आलं आणि मित्राकडून राजीनामा घेतला.

महिन्याभराने तो सामान न्यायला आला. हाताला पट्टी, जबडा अजून आवळलेला, शब्द दातांतून गाळून यायचे. सामान घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आला. जेवणाची सुट्टी होती, मजल्यावर कुणी नव्हतं.

“रेकॉर्डिंग बघितलं मी,” तो म्हणाला. “मीटिंगच्या ग्रुपात मी अजून आहे, काढायचं विसरले.”

“त्यात तू कुठे…”

“मी नाहीच त्यात. म्यूटवर होतो ना. त्यात स्लाइड आहे अन् कोपऱ्यात तू. बोलता बोलता तुझी मान डावीकडं वळली. तोंड पांढरं पडलं. बराच वेळ तिकडंच होतास. मग टकल्यानं हॅलो केलं, तू सॉरी म्हणलास, अन् पुढची स्लाइड.” त्याने खुर्चीमागे येऊन दोन्ही मॉनिटरकडे बघितलं. “डावीकडं काय होतं रे भावा? मीच लावून दिलं होतं ना? काय होतं डावीकडं?”

त्याने पट्टी बांधलेला हात माझ्या मानेवर ठेवला. मला वाटलं होतं, मोडलेल्या हातात जोर नसेल. त्याने माझं डोकं डाव्या मॉनिटरवर आदळलं. नाकातून रक्त आलं. पुन्हा आदळलं, आणि या वेळी तसंच दाबून धरलं, गाल काचेवर. आत काहीतरी कुरकुरलं आणि माझ्या डोळ्यासमोर स्क्रीनवर काळी शाई पसरावी तसं पसरत गेलं.

“बघ. आता बघ. बघ ना!”

त्याच्या मोडलेल्या बोटांना माझ्या मानेपेक्षा जास्त दुखत असणार. तो कण्हत होता, सोडत नव्हता. मग एकदम सोडलं. पट्टीवर लाल डाग आला होता, त्याचा की माझा ते कळलं नाही. रुमाल काढून माझ्याकडे टाकला. “पूस,” म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

आयटीवाल्याला मी सांगितलं, मॉनिटर माझ्या हातून पडला. “एवढा कसा पडला सर, तोंडावर?” तो हसला. नवा मॉनिटर आला. आता मी मीटिंगला एकच वापरतो, दुसरा बंद ठेवतो. लोक विचारतात, दोन असून? म्हणतो, मान दुखते.

तो आता कुरुळीत भाड्याने राहतो. एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला लागलाय, बायको शिलाई करते. बोलणाऱ्याला उजव्या बाजूला यायला सांगतो. त्याची तक्रार आणि पुतण्याची तक्रार, दोन्ही कोर्टात एकमेकांसमोर उभ्या आहेत. पहिला फटका कुणाचा, यावर सगळं अडलंय. ठेकेदार गेटवर मला अजून नमस्कार करतो. माझ्या मुलीला नोकरी लागली, लग्न ठरलं. घाबरायला आता ते कारणही उरलं नाही, आणि तरी मी गेलेलो नाही.

माझ्याकडून त्याची एक साक्ष बाकी आहे. कॉल डाव्या स्क्रीनवर होता, त्याचा मेसेज मी वाचला होता, त्याचे हात रिकामे होते आणि पहिला फटका पुतण्याने मारला. एवढं कोर्टात उभं राहून सांगायचं मी त्याला देणं लागतो.